हिशेबाची वही : मोठं गिऱ्हाईक आणि रिकामी कणगी



संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बऱ्याच जणांनी विचारलं, “तुम्ही ते अपवर्कवर काम करता ना? त्यावर घर चालतं का हो?” तिथे तिळगूळ खाता खाता उत्तर अपुरं राहिलं, म्हणून यावेळची वही त्यासाठीच उघडत आहोत.

आधी एक सावधगिरीची गोष्ट. एच-१बी वर नोकरी करणाऱ्यांना बाजूला असं काम करता येत नाही. एच-४ वर वर्क परमिट हातात असेल तर करता येतं. ग्रीनकार्डवाल्यांना अडचण नाही.

आमची प्रयोगशाळेतली नोकरी २०२२ साली सुटली. तेव्हापासून आम्ही छोट्या साबण-मेणबत्ती उत्पादकांसाठी सेफ्टी डेटा शीट लिहितो. मिश्रणातल्या प्रत्येक घटकाची माहिती पुरवठादाराकडून मागवायची, धोक्याचं वर्गीकरण करायचं आणि ठरलेले १६ विभाग भरायचे. एका शीटला ४ तास लागतात.

सुरुवातीला इतरांचे भाव बघून आम्ही शीटला १२० डॉलर लावले. ताशी ३० डॉलर, म्हणून खूश होतो. पण १० टक्के कमिशन जाऊन हाती १०८ येत. शिवाय आठवड्याच्या ४० तासांपैकी पैसे मिळतात असे तास २४च भरत. बाकीचे प्रस्ताव लिहिण्यात, पत्रोत्तरांत आणि हिशेबात जात. तेही धरले तर ताशी जेमतेम १६ डॉलर पडत होते!

मग हिशेब उलट्या बाजूने केला. कमिशन जाऊन, पण कर भरण्याआधी, वर्षाला ५४,००० डॉलर हवेत. सुट्ट्या-आजारपण वगळून ४६ आठवडे, आठवड्याला २४ तास, म्हणजे सुमारे ११०० तास. म्हणून ताशी ४९, आणि कमिशन मिळवून ५५. चार तासांची शीट २२० डॉलरला. हा भाव आम्ही आधी फक्त नव्या गिऱ्हाइकांना सांगितला. दहा प्रस्तावांपैकी सात-आठ घासाघीस न करता मंजूर होऊ लागले, की भाव कमी आहे असं समजावं. (कमिशन मे २०२३ पासून सरसकट १० टक्के होतं, मे २०२५ पासून नव्या करारांवर कामाप्रमाणे ० ते १५ टक्के आहे. तेव्हा प्रस्ताव देण्याआधी आकडा पाहून घ्यावा.)

खरा फटका भावाने नाही, एका मोठ्या गिऱ्हाइकाने दिला. २०२३ मध्ये महिन्याच्या ४,५०० पैकी ३,००० डॉलर एकाच घाऊक व्यापाऱ्याकडून येत होते. प्रस्ताव लिहायची गरज उरली नव्हती, म्हणून लिहिणंही सोडलं होतं. सप्टेंबरपासून नव्या शीट येईनात, नुसत्या जुन्यांच्या दुरुस्त्या येऊ लागल्या. पत्राला उत्तर यायला आठवडा लागू लागला. आम्हाला ते आरामाचं वाटलं. नोव्हेंबरात कळलं, त्यांनी स्वतःकडेच माणूस नेमला होता. डिसेंबरात आमची जमा ७०० डॉलर!

त्यातच १५ जानेवारी आली. इथे स्वतंत्र धंदा करणाऱ्याचा कर कोणी कापून घेत नाही. तो आपणच १५ एप्रिल, १५ जून, १५ सप्टेंबर आणि १५ जानेवारीला भरायचा असतो. जानेवारीचा हप्ता सुगीच्या कमाईवरचा, पण भरायचा नेमका ओढीच्या दिवसांत. आमच्याकडे त्यासाठी २,४०० डॉलर हवे होते आणि ते खर्च होऊन गेले होते. क्रेडिट कार्डावर काढले. ते फेडायला जून उजाडला.

तेव्हापासून घरात कणगीची पद्धत आहे. जमा झालेल्या रकमेतले ३० टक्के त्याच दिवशी कराच्या वेगळ्या खात्यात जातात. (आमच्या मिळकतीला आणि राज्याला तेवढे पुरतात, तुमचा आकडा तुमच्या हिशेबनिसाला विचारा.) उरलेले कणगीच्या खात्यात. तिथून दर एक तारखेला आम्ही आम्हालाच २,६०० डॉलर पगार देतो, महिना चांगला असो की वाईट. कणगीत तीन पगार साठेपर्यंत पगारवाढ नाही.

आणि महिनाअखेरीला एक बेरीज: गेल्या तीन महिन्यांच्या जमेत प्रत्येक गिऱ्हाइकाचा वाटा किती? कोणाचाही तिसऱ्या हिश्श्याच्या वर गेला, की काम भरपूर असलं तरी त्या आठवड्यापासून नवे प्रस्ताव लिहायला बसायचं. तिथलं गिऱ्हाईक बाहेर नेऊनही सुटका होत नाही. ओळख झाल्यापासून दोन वर्षं, वेगळी फी भरल्याशिवाय, व्यवहार त्यांच्यामार्फतच करावा लागतो, आणि मिळवलेले शेरेही तिथेच राहतात.

तर, घर चालतं का? चालतं. पण मागच्या डिसेंबरात जमा ९०० डॉलर होती आणि एक तारखेला पगार झाला, तेव्हाच आम्ही हे उत्तर द्यायला धजावलो.

कोणाला भावाचं गणित स्वतःच्या कामासाठी मांडून हवं असेल, त्यांनी पुढच्या सभेला वही घेऊन यावं. चहा घेता घेता बसू.

कळावे, लोभ असावा.