रिचार्जमधून जाणारी थकबाकी: महावितरणला खुले पत्र

माननीय अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक,
महावितरण, प्रकाशगड, वांद्रे



सामान्य घरगुती ग्राहकांना स्मार्ट प्रीपेड मीटर लावणार नाही, असे तत्कालीन ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी जून 2024 मध्ये जाहीर केले. त्यानंतर ठाण्यात आणि कल्याण-डोंबिवलीत जुने मीटर काढून टीओडी स्मार्ट मीटर बसू लागले. बिल महिन्याचेच येते, हे मान्य. पण स्मार्ट मीटर प्रीपेडवर न्यायला घरी माणूस पाठवावा लागत नाही, कार्यालयातूनही ते करता येते. म्हणून ती वेळ येण्याआधीच एका गोष्टीचा निकाल लावून घ्यावा, यासाठी हे पत्र.

मे 2024 मध्ये बडोद्यात प्रीपेड मीटरविरुद्ध लोक रस्त्यावर आले. भरलेले पैसे पाहता पाहता संपतात, मीटर पळतो, ही तक्रार होती. दर वेळी मीटरच पळत असतो असे मात्र नाही. शिल्लक रकमेचा हिशेब मीटरमध्ये नव्हे, कंपनीच्या सर्व्हरवर होतो. मीटर फक्त युनिट कळवतो आणि त्या युनिटांच्या पैशांबरोबर आणखी दोन रकमा रोज गुपचूप निघून जातात.

डोंबिवलीतले एक घर घ्या. आकडे हिशेबासाठी धरलेले आहेत. रोज 4 युनिट, वहन आकार आणि वीज शुल्कासह सरासरी 8 रुपये दराने 32 रुपये. हजाराचा रिचार्ज केला की महिना निघेल, असे घरातली बाई धरून चालते. स्थिर आकार महिन्याला 150 रुपये धरला तर दिवसाला 5 रुपये, त्यावर 16 टक्के वीज शुल्क, म्हणजे 5 रुपये 80 पैसे. हजार रुपये 26 दिवसांवर आले. आता जुन्या मीटरची 5,400 रुपये थकबाकी 180 दिवसांत वसूल करायची ठरली, तर रोज आणखी 30 रुपये. एकूण 67 रुपये 80 पैसे, आणि हजार रुपये पंधरा दिवससुद्धा पुरत नाहीत. हेच कुटुंब गणपतीला दहा दिवस कोकणात गेले, मेन स्विच बंद करून गेले, तरी परत येईपर्यंत 358 रुपये गेलेले असतात.

यातल्या स्थिर आकाराबद्दल माझी फारशी तक्रार नाही. तो मासिक बिलातही असतोच, फक्त रोज कापला जातो हे सांगितले पाहिजे. भांडण आहे ते थकबाकीशी. वीज कायदा 2003 च्या कलम 56 नुसार थकबाकीसाठी वीज तोडायची तर पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. रक्कम वादग्रस्त असेल तर हरकत नोंदवून मागील सहा महिन्यांच्या सरासरीइतके पैसे भरले, तरी वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. रिचार्जमधून थकबाकी परस्पर कापली की ही दोन्ही संरक्षणे कागदावर राहतात. चालू विजेसाठी भरलेले पैसे जुन्या देण्यात वळतात, शिल्लक संपते आणि वीज जाते. ती थकबाकीपोटी तोडली, असे मात्र कुठेच नोंदले जात नाही. चुकीच्या रीडिंगमुळे फुगलेल्या बिलावर तक्रार चालू असलेल्या ग्राहकाने काय करायचे?

शिवाय त्याच ग्राहकाचे पैसे तुमच्याकडे पडून आहेत. दरमहा बिल येणाऱ्या ग्राहकाकडून साधारण दोन महिन्यांच्या बिलाइतकी सुरक्षा ठेव घेतली जाते, आणि प्रीपेड मीटरवर वीज घेणाऱ्याकडून ठेव मागता येत नाही, असे कलम 47(5) सांगते. वरच्या घराची ठेव सुमारे 2,268 रुपये होईल. ती आधी वळती केली तर थकबाकी 3,132 उरते, रोजचा हप्ता 17 रुपये 40 पैशांवर येतो आणि हजार रुपये 18 दिवस चालतात. ठेव स्वतःकडे ठेवून हप्ते कापणे ही कोणती रीत?

ग्राहकांनाही एक सांगतो. प्रीपेड आलेच तर रोज ठरावीक वेळी मीटरवरचे एकूण युनिट आणि ॲपमधली शिल्लक वहीत लिहा. युनिट चार वाढले आणि शिल्लक सत्तरने उतरली, तर वरचे पैसे कशाचे, ते विचारा. एखाद्या दिवशी एकदम मोठी रक्कम गेली तर आधीचे काही दिवस मीटरचा संपर्क तुटला होता का, हेही पाहा. तेवढ्या दिवसांची कपात मागाहून एकत्र होऊ शकते.

तेव्हा साहेब, भांडुप आणि कल्याण परिमंडलांतला एकही घरगुती मीटर प्रीपेडवर नेण्याआधी परिपत्रक काढा: थकबाकी रिचार्जमधून न कापता वेगळ्या खात्यात राहील, सुरक्षा ठेव तिच्यात आधी वळती होईल, वादातल्या रकमेला निकालापर्यंत हात लागणार नाही, आणि रोजच्या कपातीच्या एसएमएसमध्ये वीज, स्थिर आकार आणि इतर वसुली वेगवेगळी लिहिलेली असेल.

आपला,
एक वीजग्राहक, डोंबिवली पूर्व