नुसतं ‘स्लो आहे’ म्हणून भागत नाही

आमची भाची एका ट्रान्सपोर्ट कंपनीत अकाउंट्स सांभाळते. मागच्या महिन्यात घरी आली ती वैतागूनच. “खाला, ऑफिसचा लॅपटॉप इतका अडतो, की रोज उशिरापर्यंत बसावं लागतं. सरांना दोनदा सांगितलं. ‘बघू’ म्हणतात.”

आम्ही विचारलं, नेमकं सांगितलंस काय? तर म्हणाली, “स्लो आहे म्हणून.”

आता ‘स्लो’ तर सगळ्यांचाच असतो. साहेबाने त्यातून काय समजायचं? आम्ही तिला पाच दिवस वहीत लिहायला लावलं. सुरू करून पहिलं बिल उघडेपर्यंत 12 मिनिटं. एक्सेलची मोठी फाईल सेव्ह करताना दर वेळी सुमारे 3 मिनिटं, आणि हे दिवसातून आठ वेळा. म्हणजे रोज 36 मिनिटं! महिन्याच्या 26 दिवसांत पंधरा तासांच्या वर.

तीच फाईल शेजारच्या टेबलावरच्या मशीनवर लगेच सेव्ह झाली. म्हणजे दोष फाईलचा नव्हता. मग तिने Ctrl+Shift+Esc दाबून Task Manager उघडलं. Performance मध्ये Disk बराच वेळ 100% दाखवत होती. आत जुनी फिरती हार्ड डिस्क होती, दुखणं तिथंच.

बोलायची वेळही बघावी लागते. 11 आणि 20 तारखेला जीएसटीचे रिटर्न असतात, तेव्हा साहेब कुणाचं ऐकणार? ती 23 तारखेला, चहानंतर, एकटी त्यांच्या केबिनमध्ये गेली. “सर, दोन मिनिटं बोलू का? लॅपटॉपमुळे रोज अर्ध्या तासावर वेळ जातोय, हे लिहून ठेवलंय. नवीन देता आला तर उत्तमच, नाहीतर एसएसडी बसवून चालेल का?” तक्रार नाही, रडगाणं नाही. आणि ‘नाही’ म्हणायच्या आधी साहेबांपुढे दुसरा, कमी खर्चाचा रस्ता ठेवला. (वही पाहून ते आधी हसले म्हणे.)

नवा लॅपटॉप एप्रिलनंतरच, पण एसएसडीचं बघतो, असं ते म्हणाले. संध्याकाळी तिने मेसेज टाकला: “सर, आज बोलल्याप्रमाणे एसएसडीसाठी मशीन कधी देऊ? शनिवारी दुपारी काम कमी असतं.” तोंडी कबुली विसरली जाते, म्हणून हा मेसेज हवाच. मशीन देण्याआधी तिने टॅलीचा डेटा पेनड्राइव्हवर घेतला.

एका बाबतीत मात्र वही-बिही लिहीत बसू नये. टचपॅड वर उचललेलं दिसलं किंवा झाकण नीट बसेनासं झालं, तर बॅटरी फुगलेली असू शकते. चार्जर काढायचा, मशीन बंद करायचं आणि त्याच क्षणी सांगायचं, मग 20 तारीख का असेना.

भाचीचं मशीन आता चहा येण्याआधी सुरू होतं. रॅम अजून 4 जीबीच आहे. ते एप्रिलमध्ये.