घरी जायचंय, पण फाईल कुठाय?

गेल्या मे महिन्यात आमच्या आजोबांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन छान झालं, डॉक्टर छान, नर्सेसही छान. तिसऱ्या दिवशी सकाळी 9.40 ला डॉक्टर राउंडला आले, टाके बघितले आणि म्हणाले, "आजोबा, आज घरी." आजोबांनी लगेच पायजमा बदलला, टोपी घातली आणि खुर्चीत बसले. संध्याकाळी 6.35 ला आम्ही गेटमधून बाहेर पडलो. मधले जवळजवळ नऊ तास आजोबा टोपी घालून त्याच खुर्चीत होते.

चिडून काही उपयोग नव्हता, म्हणून मी इंजिनिअरिंगच्या पोरांना जे येतं ते केलं. जर्नलच्या मागच्या पानावर वेळा लिहीत गेले. हा लेख त्या पानावरून सुचला आहे.

आमच्या होस्टेलवर हल्ली फायनल इयरचे बरेच जण 'हॉस्पिटल मॅनेजमेंट' करायचं म्हणतात. कोणाला बारावीला मेडिकल मिळालं नाही म्हणून, तर कोणाला आयटी नको म्हणून. त्यात चूक काहीच नाही. मुंबईच्या टिसमध्ये हॉस्पिटल अॅडमिनिस्ट्रेशनचा दोन वर्षांचा मास्टर्स कोर्स आहे, आणि तिथे कुठल्याही शाखेचा पदवीधर चालतो. पुण्याला सिम्बायोसिसमध्ये आणि जयपूरच्या आयआयएचएमआरमध्येही असे कोर्स आहेत. दिल्लीच्या एम्समध्येही आहे, पण तिथे एमबीबीएस लागतं, तेव्हा आपण त्या रांगेत उभं राहू नये. पण या मंडळींना "तिथे जाऊन नक्की करणार काय?" असं विचारलं की उत्तर येतं, "मॅनेज करणार." काय मॅनेज करणार? माझं म्हणणं असं की त्याचं खरं उत्तर आजोबांच्या त्या नऊ तासांत आहे, आणि ते आवडलं तरच या वाटेला जावं.

आता पान वाचते. 9.40 ला डॉक्टरांनी "घरी" म्हटलं. डिस्चार्ज समरी, म्हणजे काय झालं, काय केलं आणि पुढे कोणत्या गोळ्या हे सांगणारा कागद, हातात आला 12.15 ला. ती लिहिणारे ज्युनिअर डॉक्टर राउंडवरून थेट ओटीत गेले होते. मग उरलेली सलाइन आणि इंजेक्शनं वॉर्डातून फार्मसीला परत गेली, त्यांचे पैसे वजा झाले, फाईल बिलिंगला गेली आणि 1.50 ला बिल तयार झालं. 2.05 ला ते टीपीएकडे गेलं. टीपीए म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणारी संस्था. 3.30 ला तिकडून प्रश्न आला: दाखल करतानाच्या फॉर्मवर उजवा हर्निया लिहिलाय, समरीत डावा, खरा कुठला? खरा डावाच होता. पण तसं लिहून सही करायला डॉक्टर हवेत, आणि ते ओपीडीत. उत्तर गेलं 4.20 ला, मंजुरी आली 5.50 ला. त्यानंतर विम्यात न बसणाऱ्या वस्तूंचे पैसे भरणे, गेटपास, गोळ्या समजावून सांगणे आणि व्हीलचेअर, यात आणखी पाऊण तास.

एकूण 8 तास 55 मिनिटं. यात माणसांनी प्रत्यक्ष काम केलं ते किती? समरी टाइप करायला वीसेक मिनिटं, औषधं मोजायला पंधरा, बिलाला वीस, असं धरत गेलं तर सगळं मिळून दीड-दोन तास. बाकी सगळा वेळ कागद कोणाची तरी वाट बघत पडून होता. कोणीही आळशी नव्हतं, हे मी मुद्दाम सांगते. बिलिंगच्या ताईंनी तर डबासुद्धा उघडला नव्हता. प्रत्येक जण आपापल्या टेबलावर धावत होता, पण एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फाईल नेणं हे कोणाचंच काम नव्हतं. नॉन-क्लिनिकल पदवीधराची जागा ती ही, दोन टेबलांच्या मधली.

माझ्या बाबांनी सगळा राग विमा कंपनीवर काढला. 2024 मध्ये आयआरडीएआयने नियम केला की हॉस्पिटलकडून डिस्चार्जची विनंती आल्यापासून तीन तासांत कॅशलेसची अंतिम मंजुरी दिली पाहिजे, आणि उशिरामुळे हॉस्पिटलने जादा पैसे लावले तर ते विमा कंपनीने सोसायचे. नियम चांगला आहे. पण तो 2.05 ते 5.50 या पावणेचार तासांपुरता. त्यातलीही 50 मिनिटं उत्तर द्यायला लागली, आणि तो प्रश्न जन्माला आला होता तीन दिवस आधी, दाखल करताना कोणीतरी घाईत चुकीची बाजू लिहिली तेव्हा. उरलेले पाच तास दहा मिनिटं हॉस्पिटलच्या चार भिंतींच्या आतली होती. त्यांना कुठलाच नियम लागू नव्हता.

"मग काय झालं, एक दिवस खुर्चीत बसले आजोबा," असं कोणी म्हणेल. इथे आपलं गणित कामाला येतं. समजा 30 खाटांचा वॉर्ड आहे, पेशंट सरासरी 5 दिवस राहतो, म्हणजे रोज 6 जण घरी जातात. प्रत्येकाचे डिस्चार्जमधले 4 तास वाचवले तर 6 गुणिले 4, रोज 24 तास, म्हणजे एक अख्खी खाट कायमची मोकळी झाली. ना भिंत पाडली, ना बेड विकत घेतला. आणि त्या एका खाटेवर 5 दिवसांचा एक असे महिन्याला 6 पेशंट मावतात. आजोबा टोपी घालून बसले होते तेव्हा खाली कॅज्युअल्टीत एक बाई स्ट्रेचरवर होत्या आणि त्यांच्या मुलाला सांगत होते, "बेड नाही." बेड होता. त्यावर आमच्या पिशव्या ठेवल्या होत्या.

उपाय ऐकायला अगदी साधा आहे. उद्या कोण जाऊ शकेल याची यादी आदल्या संध्याकाळीच डॉक्टरांना विचारून करायची. त्या पेशंटांच्या समरीचा मसुदा रात्रीच्या ड्युटीवरच्या डॉक्टरने लिहून ठेवायचा, सकाळी फक्त शेवटच्या दोन ओळी आणि सही. नको असलेली औषधं रात्रीच परत. बिल तोपर्यंतचं तयार. आणि दाखल करताना फॉर्मवरची बाजू डॉक्टरांच्या कागदाशी ताडून बघायची. ऐकायला साधं, पण ते रोज, रविवारीसुद्धा, करून घेणारा एक माणूस लागतो, आणि त्याचं सगळ्यांशी बोलणं असावं लागतं.

इथे आपल्या लोकांची एक खोड सांगते. आपल्याला वाटतं, सॉफ्टवेअर बसवलं की झालं. त्या हॉस्पिटलमध्ये सॉफ्टवेअर होतं. स्क्रीनवर आजोबांच्या नावापुढे लाल रंगात 'डिस्चार्ज पेंडिंग' 10 वाजल्यापासून दिसत होतं. लाल रंगाने ज्युनिअर डॉक्टर ओटीतून बाहेर येत नाहीत.

दुसरी गोष्ट मोजमापाची. हॉस्पिटलांचा दर्जा तपासणाऱ्या एनएबीएचच्या मानकांत डिस्चार्जला लागणारा वेळ मोजायला सांगितलेला आहे. पण घड्याळ कधी सुरू करायचं यावर सगळा खेळ. डॉक्टरांनी "घरी" म्हटल्यापासून मोजलं तर आजोबांचे 8 तास 55 मिनिटं. फाईल बिलिंगला पोचल्यापासून मोजलं तर आकडा एकदम गोंडस होतो, आणि सकाळचे ते अडीच तास कागदावरून गायब. तेव्हा कुठल्या हॉस्पिटलने "आमचा डिस्चार्ज दोन तासांत" असं सांगितलं तर पहिला प्रश्न विचारावा: कधीपासून?

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, जे नॉन-क्लिनिकल माणसाने रोज स्वतःला सांगायला हवं. आदल्या रात्रीच्या यादीतल्या सहांपैकी एखाद्याला सकाळी ताप असतो. त्याचं नाव यादीतून निघतं, आणि निघालंच पाहिजे. तिथे यादी बनवणाऱ्याने "पण सर, बेड हवाय" असं म्हणू नये. "याला अजून एक दिवस का ठेवताय?" हा प्रश्न आपला नाही, त्याचं शिक्षण आपल्याकडे नाही. "आपण कशाची वाट बघतोय?" हा प्रश्न मात्र नक्की आपला. उत्तर "ताप उतरायची" असेल तर गप्प बसायचं. उत्तर "सोनोग्राफीच्या रिपोर्टची" असेल तर उठून रिपोर्ट आणायला जायचं. आणि डिस्चार्जचा वेळ कमी झाला म्हणून पेढे वाटण्याआधी बघायचं की घरी गेलेल्यांपैकी किती जण आठवड्याभरात परत दाखल झाले. तो आकडा वाढला असेल तर आपण वेळ वाचवलेला नाही, पेशंटला ढकललं आहे.

म्हणून मला आमच्या सिनिअर्सचा "डॉक्टर न होता डॉक्टरांचे बॉस" हा हिशोब पटत नाही. मेडिकल सुपरिंटेंडेंटच्या खुर्चीवर बहुधा डॉक्टरच बसतात, ही मर्यादा आधीच माहीत असलेली बरी. आपल्या वाट्याला येतं ते ऑपरेशन्स, बिलिंग, टीपीए डेस्क, क्वालिटी, खरेदी. सुरुवातीची वर्षं हातात फाईल, खिशात फोन, आणि समोर नातेवाईक ओरडतायत.

माझं मत विचाराल तर एंट्रन्सचा फॉर्म भरण्याआधी एक दिवस काढा. कोणीतरी ओळखीचं अॅडमिट असतंच. त्यांच्या डिस्चार्जच्या दिवशी सकाळी वही-घड्याळ घेऊन जा, फाईल कुठे कुठे थांबते ते लिहा, आणि प्रत्येक ठिकाणी ती कोणाची वाट बघत होती तेही लिहा. संध्याकाळी नुसताच वैताग आला असेल तर कॅम्पस इंटरव्ह्यूची तयारी करा. पण ते पान बघून "इथे हे असं केलं असतं तर" असं डोक्यात सुरू झालं असेल तर खुशाल जा.

आजोबांना मी हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "ते ठीक आहे, पण पुढच्या वेळी मी टोपी संध्याकाळीच घालीन."