यादी जुन्या घराची नव्हे, नव्या घराची

वसई-विरार परिसरात जुन्या इमारतींचा पुनर्विकास होतो, तेव्हा तेथील कुटुंबांना बिऱ्हाड दोनदा हलवावे लागते. आधी भाड्याच्या घरात, मग परत. नालासोपाऱ्यातील आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाने पहिल्या खेपेस सामानाची यादी केली होती, तीही नेटकी. तरीही त्या रात्री आजोबांच्या मधुमेहाच्या गोळ्या सापडता सापडेनात. दोन तासांनी त्या ‘कपाट, मधला कप्पा’ असे लिहिलेल्या खोक्यात, साड्यांच्या घडीखाली मिळाल्या.

चूक यादी न करण्याची नव्हती. यादी जुन्या घराप्रमाणे केली होती, ही चूक होती. आपल्या लहान घरांत एकच लोखंडी कपाट तीन खोल्यांचे काम करते. त्यात कपडे असतात, औषधे असतात, कागदपत्रे असतात आणि पाहुण्यांच्या चादरीही. कप्पा जसाच्या तसा खोक्यात रिकामा केला, की ते एक खोके नव्या घरात तीन ठिकाणी उघडावे लागते.

दुसऱ्या खेपेस त्यांनी वहीत नव्या घरातील प्रत्येक खोलीला एक पान दिले. वस्तू कोठून निघाली हे लिहिलेच नाही. ती कोठे ठेवायची, तेवढेच पाहिले. स्वयंपाकघराची नऊ खोकी झाली. त्यांवर ‘स्वयंपाकघर १/९’, ‘२/९’ असे आकडे घातले. मागचा नऊ बांधाबांध संपल्यावरच लिहावा, नाहीतर तो हमखास चुकतो. या आकड्यामुळे टेम्पोतून आठच उतरली तर दारातच कळते. आकडा खोक्याच्या दोन बाजूंवर लिहावा. वर लिहिलेला, खोकी एकावर एक रचताच झाकला जातो. हमालांना मराठी वाचता येईलच असे नाही, म्हणून प्रत्येक खोलीला एका रंगाची चिकटपट्टी ठरवली आणि तीच नव्या घराच्या दारावर लावली.

खोलीच्या आत पुन्हा गट पाडले, ते गरजेच्या क्रमाने. कुकर, चहाचे पातेले, चार ताटे-वाट्या आणि डाळ-तांदूळ पहिल्या खोक्यात. दिवाळीचा सोऱ्या नवव्यात. पुस्तकांसाठी मात्र लहानच खोकी घ्यावीत. मोठे खोके पुस्तकांनी भरले, की ते उचलणाऱ्याची कंबर धरते. पलंगाचे स्क्रू पिशवीत घालून पलंगाच्याच फळीला बांधले.

‘किरकोळ’ हे पान त्यांनी ठेवलेच नाही. आमच्या मते एखादे तसे खोके क्षम्य आहे. दुसरे भरू लागले, की खोल्यांची पाने पुन्हा तपासावीत.

औषधे, चष्मा, रक्तशर्करा मोजण्याचे यंत्र आणि घराचे कागद कोणत्याच पानावर नव्हते. ती पिशवी टेम्पोत चढलीच नाही. आजींनी ती रिक्षात मांडीवर घेतली होती.