‘८८ टक्के एआय’ म्हणजे नक्की काय? डिटेक्टरची रेषा कोण आखतं?

२०२४ मध्ये हरियाणातल्या एका खासगी विद्यापीठाच्या एलएलएम विद्यार्थ्याला एका विषयात नापास केलं गेलं. कारण काय, तर त्याचं उत्तर ८८ टक्के एआयने तयार केलेलं आहे, असा ठपका. लिखाण माझंच आहे, असं म्हणत तो पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयात गेला. प्रकरण कोर्टात असतानाच विद्यापीठाने त्याला पास केलं आणि याचिका निकाली निघाली. त्यामुळे कोण बरोबर होतं, याचा निवाडा झालाच नाही. पण ‘८८ टक्के’ या आकड्याने एखाद्याचं वर्ष कसं अडू शकतं, ते सगळ्यांना दिसलं.

आधी हा आकडा येतो कुठून ते बघू. कॉलेजांमध्ये सर्वात जास्त वापरल्या जाणाऱ्या टूल्सपैकी एक म्हणजे टर्नइटिन. ते तुमच्या लिखाणाचे काही वाक्यांचे तुकडे करतं आणि प्रत्येक वाक्याला ० ते १ असा स्कोअर देतं. ० म्हणजे माणसाचं वाटतंय, १ म्हणजे मशीनचं वाटतंय. त्यावरून लिखाणाचा किती भाग मशीनचा असावा, याची टक्केवारी निघते. म्हणजे तिथे ८८ टक्के दिसले, तर ‘हा विद्यार्थी दोषी असण्याची शक्यता ८८ टक्के’ असा अर्थ होत नाही. ‘यातला ८८ टक्के मजकूर मॉडेलला मशीनसारखा वाटला’ एवढाच होतो. या दोन वाक्यांत खूप अंतर आहे.

स्कोअर आला तरी आरोप आपोआप होत नाही. त्यासाठी कुणीतरी एक रेषा आखावी लागते. कट-ऑफ हा शब्द आपल्याला अकरावीच्या अ‍ॅडमिशनपासून पाठ आहे. तिथे कट-ऑफ वर गेला की काहींची सीट जाते. इथे रेषा कुठेही ठेवली तरी कुणाचं तरी नुकसान होतंच, फक्त कुणाचं ते बदलतं.

समजा, एका कॉलेजात १००० असाइनमेंट आल्या. त्यातल्या १०० एआयकडून लिहून घेतलेल्या आहेत, ९०० प्रामाणिक आहेत. डिटेक्टर प्रत्येकीला १०० पैकी स्कोअर देतो. पुढचे आकडे मी समजण्यासाठी घेतलेत, पण खऱ्या डिटेक्टरचं वागणं याच धाटणीचं असतं:

- कट-ऑफ ५० ठेवला: ९० चोर सापडले, १० सुटले. पण ९० निर्दोषही अडकले.
- कट-ऑफ ८० ठेवला: ७० सापडले, ३० सुटले, १८ निर्दोष अडकले.
- कट-ऑफ ९५ ठेवला: ४० सापडले, ६० सुटले, फक्त २ निर्दोष अडकले.

डिटेक्टर तिन्ही वेळा तोच आहे, एका ओळीचाही कोड बदललेला नाही. फक्त रेषा सरकली. पहिल्या ओळीत ज्यांच्यावर आरोप झाला त्यातले निम्मे निर्दोष आहेत, तिसऱ्या ओळीत निम्म्याहून जास्त कॉपीवाले निवांत सुटलेत. दोन्ही चुका एकदम कमी करायच्या तर डिटेक्टरच चांगला हवा. नुसता कट-ऑफ हलवून एक चूक कमी केली की दुसरी वाढते.

आता गंमत बघा. मधला, म्हणजे ८० चा कट-ऑफ घ्या. तो १०० प्रामाणिक मुलांमागे २ जणांना चुकून पकडतो. दुसऱ्या एका वर्गात १००० पैकी फक्त २० जणांनीच एआय वापरलं. ७० टक्के दराने त्यातले १४ सापडतील. उरलेल्या ९८० प्रामाणिक मुलांतले मात्र साधारण २० अडकतील. म्हणजे आरोप ३४ जणांवर, आणि त्यातले २० निर्दोष! मुलं जितकी प्रामाणिक, तितका डिटेक्टरचा प्रत्येक आरोप कमी भरवशाचा. ‘९८ टक्के अचूक’ अशी जाहिरात वाचताना हे गणित कुणी सांगत नाही.

टर्नइटिनने एप्रिल २०२३ मध्ये हे फीचर आणलं, तेव्हा त्यांनीही एक निवड केली होती. निर्दोष लिखाणावर ठपका येण्याचं प्रमाण १ टक्क्याच्या आत ठेवायचं आणि त्यासाठी एआयचा साधारण १५ टक्के मजकूर निसटला तरी चालेल, असं कंपनीने सांगितलं होतं. २० टक्क्यांच्या खालचे स्कोअर कमी भरवशाचे असतात, हेही नंतर मान्य केलं. निवड समजूतदार होती, पण १ टक्कासुद्धा किती मोठा असतो ते अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने मोजलं. त्यांच्याकडे २०२२ मध्ये ७५,००० पेपर टर्नइटिनमधून गेले होते. त्याचा १ टक्का म्हणजे ७५० पेपर. ऑगस्ट २०२३ मध्ये त्यांनी हे फीचर बंद केलं.

आणि तो १ टक्का सगळ्यांमध्ये सारखा वाटला जात नाही. बरेच डिटेक्टर पुढचा शब्द किती सहज ओळखता येतो, हे बघतात. साधी वाक्यं आणि नेहमीचे शब्द असले की ते मशीनसारखं वाटतं. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये सात डिटेक्टर तपासले (त्यात टर्नइटिन नव्हतं). इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध त्यांनी दिले. सरासरी ६१ टक्के निबंध ‘मशीनचे’ ठरले. अमेरिकेतल्या आठवीच्या मुलांचे निबंध मात्र जवळपास सगळे बरोबर ओळखले गेले. मराठी माध्यमातून शिकून इंग्रजीत असाइनमेंट लिहिणाऱ्या मुलाला यात काय धोका आहे, ते वेगळं सांगायला नको.

मी ऑनलाइन पेमेंटमधली फसवणूक पकडणाऱ्या सिस्टीमवर काम करतो. तिथेही रोज हाच कट-ऑफचा वाद असतो. पण आम्ही चुकून तुमचं पेमेंट अडवलं तर एक ओटीपी टाकून तुम्ही पुढे जाता. चूक स्वस्तात दुरुस्त होते, म्हणून रेषा खाली ठेवणं परवडतं. जिथे चुकीची किंमत एक वर्ष असते, तिथे रेषा खूप वर हवी, आणि ती ओलांडली तरी पुढची पायरी शिक्षा नाही, चौकशी असायला हवी. गुगल डॉक्सची व्हर्जन हिस्ट्री बघा, कच्चं लिखाण मागा, समोर बसवून दहा मिनिटं त्याच विषयावर बोला.

रेषा किती वर, हे अंदाजाने ठरवायचीही गरज नाही. चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ ला आलं. कॉलेजने त्याआधीच्या आपल्याच मुलांच्या ३०० असाइनमेंट काढाव्यात, नावं पुसावीत आणि डिटेक्टरला द्याव्यात. त्या चॅटजीपीटीने लिहिलेल्या असूच शकत नाहीत. म्हणून त्यात ‘एआय’ म्हणून जे काही लाल होईल, ती डिटेक्टरची चूक. स्कोअर उतरत्या क्रमाने लावले की कुठल्या रेषेवर आपली किती मुलं अडकतात, ते थेट दिसतं. एकही अडकलं नाही तरी हुरळून जाऊ नये. ३०० मध्ये शून्य आलं तरी खरं प्रमाण १ टक्क्यापर्यंत असू शकतं.

तुमच्यावर असा ठपका आलाच, तर ‘मी केलं नाही’ एवढ्यावर थांबू नका. लेखी विचारा: कट-ऑफ किती होता, तो कुणी ठरवला, आणि आपल्यासारख्या मुलांच्या लिखाणावर तो कधी तपासला होता का? उत्तर ‘सॉफ्टवेअरने सांगितलं’ असं आलं, तर रेषा कुणीच विचार करून आखलेली नाही, हे नक्की समजा.