‘लागल्यास घेणे’ म्हणजे नेमके केव्हा?

डॉक्टरांची चिठ्ठी वाचता येणे हा रुग्णाच्या जगण्याच्या हक्काचा, म्हणजे कलम २१ चा भाग आहे, असे पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितले. निकाल स्वागतार्हच आहे. पण मोत्यासारख्या अक्षरात ‘बीडी, पीसी, एसओएस’ लिहिले, तरी देवळाली प्रवरेच्या उसाच्या फडावरील मजुराला त्यातून काय कळणार? ही लॅटिन शब्दांची आद्याक्षरे. अर्थ असा : दिवसातून दोनदा, जेवणानंतर, गरज पडल्यास. आणि बांधवांनो, एवढे मराठी करूनही धोका टळत नाही.

‘दोनदा, जेवणानंतर’ हेच घ्या. डॉक्टरांच्या मनात सकाळचे आठ आणि रात्रीचे आठ असतात. समजा, मजूर पहाटे चारला नुसता चहा पिऊन निघाला. त्याची पहिली भाकरी अकराला, दुसरी रात्री आठला. त्याने चिठ्ठी तंतोतंत पाळली तरी दोन गोळ्यांत एकदा नऊ तास आणि एकदा पंधरा तास जातात. अँटिबायोटिक असेल तर बारा तासांचे अंतर महत्त्वाचे. तिथे ‘सकाळी आठ, रात्री आठ, काहीतरी खाऊन’ असेच लिहायला हवे.

मधुमेहाच्या ग्लिमेपिराइडचे उलटे आहे. तिथे घड्याळ नव्हे, घास महत्त्वाचा. ‘सकाळी जेवणापूर्वी’ वाचून पहाटे चारला गोळी घेतली आणि अकरापर्यंत उपाशीपोटी कोयता चालवला, तर रक्तातील साखर घसरते. दरदरून घाम येतो, हात थरथरतात, बोलणे अडखळते. बघणारे म्हणतात, प्यायला असेल! शुद्ध असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून लगेच द्यावी. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता दवाखाना गाठावा. म्हणून पाकिटावर लिहावे : ‘पहिली भाकरी समोर आल्यावरच एक गोळी. जेवण नाही तर गोळी नाही.’

सर्वांत फसवा शब्द ‘लागल्यास’. आपल्याकडे ‘लागले’ म्हणजे जखमही होते. शिवाय किती दुखले म्हणजे गरज, आणि किती वेळा? पॅरासिटामॉल निरुपद्रवी वाटते. मात्र अतिसेवनाने यकृत निकामी होते, आणि सर्दीच्या अनेक गोळ्यांतही तेच औषध असते. पाचशे मिलिग्रॅमच्या गोळीवर प्रौढासाठी असे लिहिता येईल : ‘ताप किंवा अंगदुखी असेल तरच एक गोळी. दुसरी सहा तासांनंतर. चोवीस तासांत चारच्या वर नको. सोबत सर्दीची गोळी नको. तीन दिवसांत ताप उतरला नाही तर परत या.’

कायदा काय म्हणतो? औषध नियमांतील नियम ६५ प्रमाणे चिठ्ठीत मात्रा लिहावीच लागते. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस विनियमांनी रुग्णाला समजावून सांगण्याचे काम नोंदणीकृत फार्मासिस्टवर टाकले आहे. काउंटरवर पाकिटावर दोन रेघा ओढून देणे म्हणजे समजावणे नव्हे. औषध देताना त्याने विचारावे, “मावशी, ही गोळी उद्या केव्हा घेणार, सांगा बरं?” उत्तर चुकले तर पाकिटावरचे वाक्य तिथेच बदलावे.