एकवीस चिंचोके आणि उलटी वाट

मुलांनो, आजची गोष्ट माझ्या भाच्याच्या फजितीची आहे. खरं सांगायचं तर त्यातली अर्धी फजिती माझीच. कशी, ते पुढे कळेलच.

भाचा नांदेडला राहतो, सातवीत आहे. उन्हाळ्यात घरात चिंच फोडायचं काम निघालं, की टोपलीभर चिंचोके जमतात. त्या दिवसांत मी त्याला एक खेळ शिकवला. २१ चिंचोके मांडायचे. दोघांनी आळीपाळीने उचलायचे. आपल्या पाळीला एक, दोन किंवा तीन चिंचोके घ्यायचे. पाळी सोडायची नाही. शेवटचा चिंचोका ज्याच्या हाती लागेल, तो जिंकला.

चार-पाच वेळा हरल्यावर भाचा रडवेला झाला. मग मी त्याच्या कानात युक्ती सांगितली : "पहिली पाळी तू घे, एकच चिंचोका उचल. मग दर वेळी समोरच्यासाठी चारच्या पटीतले चिंचोके ठेव. २०, १६, १२, ८, ४. त्याने एक घेतला तर तू तीन घे, त्याने दोन घेतले तर तू दोन, तीन घेतले तर एक. बस्स!"

आठवडाभरात पठ्ठ्याने गल्लीतल्या सगळ्यांना हरवलं. मग सुट्टीत तो आत्याकडे लातूरला निघाला. लोहा, अहमदपूर, चाकूर करत एसटी लातूरला पोचेपर्यंत खिशातले चिंचोके हजार वेळा मोजून झाले असतील!

आठ दिवसांनी परत आला तो तोंड पाडूनच. "मामा, तुमची युक्ती नांदेडातच चालते. लातूरला चालत नाही."

"अरे, गणित काय गाव बघून बदलतं का?"

"मग मी कामून हरलो? आत्याच्या ताईनं पाच वेळा हरवलं मला!"

मी म्हटलं, खेळ कसा झाला ते चिंचोके मांडून दाखव. तेव्हा उलगडा झाला. ताईच्या घरचा नियम उलटा होता. शेवटचा चिंचोका ज्याच्या वाट्याला येईल, तो गाढव! म्हणजे शेवटचा उचलणारा हरणार.

भाच्याने नेहमीसारखा एक उचलून २० ठेवले. ताईने तीन उचलले, उरले १७. याने चारची पट साधायची म्हणून एक घेतला, उरले १६. ताईने परत तीन, उरले १३. याने एक, १२. तिने तीन, ९. याने एक, ८. तिने तीन, ५. याने एक, ४. तिने तीन, उरला एक, आणि तो याच्याच गळ्यात! माझी युक्ती त्याने अगदी इमानेइतबारे पाळली आणि त्यामुळेच तो हरला.

चूक माझी होती. मी त्याला चारचा पाढा दिला, पण तो कुठून आला ते सांगितलंच नाही. ते आज आपण बघू. वही-पेन्सिल घ्या.

खेळाची सुरुवात २१ पासून होत असली, तरी विचाराची सुरुवात शेवटून करायची. आधी आपला नांदेडचा नियम घेऊ : शेवटचा उचलेल तो जिंकेल. माझी पाळी आली आणि समोर शून्य चिंचोके आहेत. याचा अर्थ शेवटचा चिंचोका समोरच्याने आत्ताच उचलला. मी हरलो. म्हणून शून्य हा 'हरता' आकडा. हरता म्हणजे ज्याची पाळी आहे त्याच्यासाठी हरता, हे पक्कं लक्षात ठेवा.

आता एकेक पायरी वर चढू. समोर १ असेल तर तो उचलून मी समोरच्याला शून्यावर ढकलतो. २ असतील तर दोन्ही उचलतो, ३ असतील तर तिन्ही. म्हणून १, २, ३ हे 'जिंकते' आकडे. आणि ४? एक उचलला तर समोरच्यासाठी ३ उरतात, दोन उचलले तर २, तीन उचलले तर १. काहीही केलं तरी त्याला जिंकता आकडाच मिळतो. म्हणून ४ हरता.

झालं! नियम दोनच आहेत. ज्या आकड्यावरून एका चालीत एखाद्या हरत्या आकड्यावर पोचता येतं, तो जिंकता. ज्यावरून कुठेही गेलं तरी जिंकताच आकडा येतो, तो हरता. जिंकायला एक वाट सापडली तरी पुरे. हरता म्हणायला मात्र सगळ्या वाटा तपासाव्या लागतात. मुलं घाईत चुकतात ती इथेच. एक वाट वाईट निघाली की लगेच 'हरता' लिहून मोकळी होतात.

असंच पुढे गेलं की ५, ६, ७ वरून ४ गाठता येतात, म्हणून ते जिंकते. ८ वरून ७, ६, ५ च मिळतात, म्हणून तो हरता. मग १२, १६, २०. चारचा पाढा असा आला. २१ वरून एक उचलून २० गाठता येतात, म्हणून पहिल्याने खेळणारा जिंकतो.

आता लातूरचा नियम. बदल फक्त अगदी शेवटच्या टोकाला आहे. समोर एकच चिंचोका असेल तर तो उचलावाच लागतो, आणि उचलणारा गाढव. म्हणून आता १ हरता. २, ३, ४ वरून समोरच्यासाठी एक ठेवता येतो, म्हणून ते जिंकते. ५ वरून ४, ३, २ च मिळतात; तो हरता. पुढचे हरते ९, १३, १७ आणि २१! म्हणजे ताईकडे २१ वर पहिली पाळी घेणं हेच मुळात हरणं होतं. आणि आमचे चिरंजीव दर डावाला "मी पहिला, मी पहिला" म्हणून भांडून ती घेत होते.

हे ऐकून भाचा जरा खुलला. पण लगेच म्हणाला, "आणखी एक डाव झाला होता." ताईने तिसरा नियम काढला होता. चिंचोके २०. उचलायचे ते एक, तीन किंवा चार. दोन उचलायचे नाहीत. शेवटचा उचलेल तो जिंकेल. याने हिशेब केला, तीन उचलता येतात तेव्हा चारचा पाढा, तर चार उचलता येतात तेव्हा पाचचा. २० पाचच्या पाढ्यात येतात, म्हणून साहेब उदारपणे म्हणाले, "ताई, तू आधी." ताईने चार उचलून १६ ठेवले आणि डाव जिंकला.

पाचचा पाढा का चालला नाही? समोरच्याने तीन घेतले तर पाच पुरे करायला आपल्याला दोन हवेत, आणि दोन उचलायला तर मनाई! अंदाज सोडा, तक्ताच करा.

० हरता.
१ जिंकता, एक उचलून शून्य.
२ हरता, कारण फक्त एकच उचलता येतो आणि उरतो १.
३ आणि ४ जिंकते, सगळे उचलून शून्य.
५ जिंकता, तीन उचलून २.
६ जिंकता, चार उचलून २.
७ हरता, कारण मिळतात ६, ४ किंवा ३, सगळे जिंकते.
८ जिंकता, एक उचलून ७.
९ हरता, कारण मिळतात ८, ६ किंवा ५.

असंच पुढे गेलात तर हरते आकडे येतात ०, २, ७, ९, १४, १६, २१, २३. म्हणजे सातने भागल्यावर बाकी शून्य किंवा दोन उरते ते. २० ला बाकी सहा उरते, म्हणून तो जिंकता. चार उचलले की १६. ताईने नेमकं तेच केलं.

भाच्याने इथे फार चांगला प्रश्न विचारला. "पण मामा, हे पुढेही सात-सातनीच येणार, हे कशावरून? शंभरपर्यंत तक्ता करायचा का?" नाही. या खेळात एका वेळी जास्तीत जास्त चार चिंचोके उचलता येतात. त्यामुळे कोणताही आकडा हरता की जिंकता, हे त्याच्या आधीच्या चार आकड्यांवरूनच ठरतं. ०, १, २, ३ ची रांग आहे हरता, जिंकता, हरता, जिंकता. आणि ७, ८, ९, १० ची रांगही तीच! मग ४ ला जे झालं तेच ११ ला होणार, ५ चं ते १२ ला. पहिल्या सात आकड्यांचा क्रम तसाच्या तसा फिरून येत राहणार. नुसता दोन-तीनदा दिसला म्हणून क्रम खरा मानायचा नाही. लागोपाठचे चार जुळले, की मग मानायचा.

चार्ल्स बूटन नावाच्या अमेरिकेतल्या प्राध्यापकांनी १९०१ साली अशाच एका खेळाचं पुरं गणित छापलं होतं. त्या खेळात अनेक ढीग असतात आणि एका पाळीला कोणत्याही एकाच ढिगातून हवे तितके उचलता येतात. त्याला त्यांनी 'निम' असं नाव दिलं. समोरच्याला द्यायला जे ढीग चांगले, त्यांना ते 'सुरक्षित' म्हणत. म्हणजे आपले हरते आकडेच!

मात्र ही उलटी वाट सगळीकडे चालत नाही. चिंचोके फोडून पटावर दान टाकता ना, तिथे पुढे काय पडेल ते नशिबावर. तिथे असा तक्ता उपयोगाचा नाही. तिसरा भिडू आला तरी पंचाईत. मधला मुद्दाम वाकडं खेळून दोघांपैकी कुणालाही जिंकवू शकतो. भिडू दोनच, सगळं डोळ्यांसमोर आणि खेळ नक्की संपणारा, असं असेल तर तक्ता करावा.

भाच्याने त्याच संध्याकाळी ताईला फोन लावला. तक्त्याचं सांगितल्यावर ती हसायला लागली. तिच्या वहीच्या मागच्या पानावर तोच तक्ता होता! मग तिने फोनवरच एक नवा डाव घातला. तो तुमच्यासाठी.

तुमचं कोडं : या वेळी दोन किंवा तीनच चिंचोके उचलायचे, एक उचलायचा नाही. ज्याला आपल्या पाळीला उचलता येणार नाही, तो हरला. २०, २१ आणि २२ चिंचोके असे तीन डाव आहेत. कोणत्या डावात पहिली पाळी घ्याल, आणि किती उचलाल? (सूचना : शेवटाकडे नीट बघा. या खेळात नुसतं शून्यच हरतं आहे का?)

उत्तर (आधी सोडवा, मगच वाचा) : एक चिंचोका उरला तर तो उचलताच येत नाही, म्हणून ० आणि १ दोन्ही हरते. २, ३, ४ जिंकते. ५ आणि ६ पुन्हा हरते, मग १० आणि ११, १५ आणि १६, २० आणि २१. तेव्हा २० आणि २१ च्या डावात "ताई, तू आधी" म्हणा. २२ च्या डावात पहिली पाळी घ्या आणि दोन उचलून २० ठेवा.